काजूचा ग्राहक म्हणतो "आम्ही चेंबरचे मेंबर", तर माल उधारीवर द्यावा का?

वाळपईची_नलिनी · सोमवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. वाळपईजवळ आमचं काजूचं छोटं युनिट आहे. बी शिजवायचा बॉयलर आणि बी फोडायचं काम नवरा बघतो, प्रतवारी आणि विक्री माझ्याकडे. हंगामात चौदा बायका सोलायला येतात. आजवर आमचा माल म्हापसा आणि पणजीच्या दुकानांत जात होता. दहा-वीस डबे द्यायचे, पुढच्या फेरीला पैसे घ्यायचे, असंच चालत आलंय.

आता एका कंपनीची मोठी ऑर्डर आली आहे. 320 नंबरचा अख्खा गर, 1,200 किलो, म्हणजे दहा किलोचे 120 डबे. भाव 780 रुपये किलो ठरला. मालाचे 9,36,000, वर पाच टक्के जीएसटी, मिळून 9,82,800 होतात. ते दहा टक्के आगाऊ देणार आणि बाकीचे 45 दिवसांनी. म्हणजे जवळजवळ पावणेनऊ लाखांची उधारी. आमच्यासाठी हा वर्षाचा धंदा आहे. बी घ्यायला बँकेतून काढलेलं कर्ज याच पैशांतून फेडायचं.

मी बाहेरची काही माहिती मागितली तर त्यांनी चेंबरच्या मेंबरशिप सर्टिफिकेटचा फोटो पाठवला. सोनेरी काठ, वर नंबर, मधे नाव, "1998 पासून सभासद" असं लिहिलंय, खाली दोन सह्या. सोबत "खात्री करायची असेल तर या नंबरवर बोला" म्हणून एक मोबाईल नंबर दिला. मी फोन केला. गृहस्थ अदबीने बोलले, "जुनी माणसं आहेत, बिनधास्त द्या" म्हणाले.

नवरा म्हणतो, एवढं झालं, आता शंका काढत बसू नको. माझं मन मात्र तयार होत नाही. मेंबर आहेत की नाहीत याची खात्री नेमकी कशी करतात? आणि मेंबर असले तर उधारी द्यायला तेवढं पुरेसं आहे का?

---

कुंडई_वर्कशॉप · सोमवार, रात्री 10:05

ताई, चेंबर कोणालाही मेंबर करून घेत नाही. आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, मी स्वतः एका संघटनेत आहे. फॉर्मवर दोन जुन्या मेंबरांच्या सह्या लागल्या, पॅन, जीएसटी, सगळं दिलं, मग कमिटीच्या मीटिंगमध्ये मंजूर झालं. म्हणजे कागद तपासलेले असतात. 1998 पासून आहेत म्हणजे इतकी वर्षं टिकलेला धंदा आहे. शिवाय तुमची उद्यम नोंदणी असेल तर 45 दिवसांच्या पेमेंटचा कायदा तुमच्या बाजूने आहे. मी तरी दिला असता.

---

साखळी_मसाले · सोमवार, रात्री 10:20

मेंबरशिपची फी साधारण किती पडते? आमचा मसाल्यांचा घरगुती धंदा आहे, घ्यावी का? बाहेरची पार्टी विश्वास ठेवते म्हणतात.

---

जुना_चिटणीस · सोमवार, रात्री 11:15

नलिनीताई, मी एका व्यापारी संघटनेच्या कार्यालयात एकोणीस वर्षं काम केलंय. सभासदांचं रजिस्टर माझ्याच टेबलावर असायचं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी तो मोबाईल नंबर बाजूला ठेवा. ज्याची चौकशी करायची त्यानेच दिलेल्या नंबरवर चौकशी होत नाही. संस्थेचा नंबर संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या, शक्यतो कार्यालयाचा लँडलाइन. त्याहून चांगलं म्हणजे कार्यालयाच्या ईमेलवर सर्टिफिकेटचा फोटो जोडून लेखी विचारा. फोनवर कारकून "हो, नाव ऐकल्यासारखं वाटतं" म्हणतो आणि समोरचा त्याला होकार समजतो. माझ्याकडूनही सुरुवातीच्या काळात असं झालेलं आहे. रजिस्टर उघडून बघायला माणसाला लेखी प्रश्न हवा.

प्रश्नही "ही कंपनी तुमची मेंबर आहे का" असा मोघम नको. या नंबरचं सभासदत्व कोणाच्या नावे आहे, अक्षर न् अक्षर. ती व्यक्तीची मालकीची पेढी आहे, भागीदारी आहे की कंपनी. वर्गणी कोणत्या तारखेपर्यंत भरलेली आहे. संस्थेकडे प्रतिनिधी म्हणून कोणाचं नाव आहे. एवढं विचारा. बाकी आर्थिक स्थिती वगैरे विचारलंत तर ते सांगणार नाहीत, आणि त्यांना ती माहीतही नसते.

कुंडईकर, तुम्ही म्हणता ते प्रवेशाच्या वेळचं खरं आहे. कागद बघतात, सूचक-अनुमोदक असतात. पण ते एकदाच. पुढे दरवर्षी नूतनीकरण म्हणजे वर्गणीची पावती. चेक वटला की नाव चालू राहिलं. माझ्या एकोणीस वर्षांत एकाही जुन्या सभासदाचा ताळेबंद आम्ही मागवला नाही. धंदा बंद पडलेले लोकसुद्धा वर्गणी भरत राहायचे, कारण सभेला यायला, चार माणसांत बसायला त्यांना बरं वाटायचं. त्यात वाईट काही नाही. पण तुम्ही ते नाव पाहून पावणेनऊ लाख देणार असाल तर हे माहीत असायला हवं.

साखळीकर, फी प्रत्येक संस्थेची वेगळी, आणि उलाढालीप्रमाणे किंवा प्रकाराप्रमाणे बदलते. त्यांच्याकडेच विचारा.

---

वाळपईची_नलिनी · मंगळवार, सकाळी 7:10

काका, खूप आभार. आजच ईमेल पाठवते. एक सांगते, सर्टिफिकेटवर नाव "अमुक एंटरप्रायझेस" असं आहे आणि ऑर्डर आली आहे "अमुक एंटरप्रायझेस प्रायव्हेट लिमिटेड"ची. पहिले दोन शब्द सारखेच. हे एकच ना?

---

हिशोबनीस · मंगळवार, सकाळी 8:30

नाही ताई, एकच असू शकत नाही. मी मडगावात जीएसटीची कामं करते. एंटरप्रायझेस म्हणजे बहुधा एका माणसाची पेढी, आणि प्रायव्हेट लिमिटेड ही कायद्याने वेगळी व्यक्ती. हे तुम्ही घरबसल्या पाच मिनिटांत पाहू शकता.

त्यांच्या पर्चेस ऑर्डरवर जीएसटी नंबर असेलच. पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, आपल्या गोव्याचे `30`. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर सांगतं की पॅन कोणाचा आहे, म्हणजे जीएसटी नंबरात डावीकडून सहावं अक्षर बघा. तिथे `P` असेल तर तो एका माणसाचा पॅन, म्हणजे मालकीची पेढी. `C` असेल तर कंपनी. `F` असेल तर भागीदारी.

मग `gst.gov.in` वर `Search Taxpayer` मध्ये तो नंबर टाका. लॉगिन लागत नाही. `Legal Name of Business` आणि `Trade Name` दोन्ही वाचा. दुकानाच्या पाटीवरचं नाव `Trade Name` मध्ये येतं, पैसे बुडाले तर दावा ज्याच्यावर करायचा तो `Legal Name` मध्ये. `Effective Date of registration` बघा, आणि खाली `Show Filing Table` दाबून रिटर्न भरतात का तेही बघा.

सर्टिफिकेटवरच्या पेढीचा जीएसटी नंबर त्यांच्या जुन्या बिलावर किंवा वेबसाइटवर मिळाला तर तोही असाच तपासा. दोन नंबर शेजारी ठेवले की लगेच कळेल.

---

आगशीचा_दिनू · मंगळवार, दुपारी 1:25

माझा अनुभव सांगतो. फ्लॅट बुक करताना बिल्डरच्या ऑफिसात भिंतीवर बिल्डर लोकांच्या संघटनेचं सर्टिफिकेट होतं, ब्रोशरवर त्यांचं बोधचिन्ह होतं. आम्ही त्यालाच सरकारी मान्यता समजलो. प्रकल्पाचा रेरा नंबर विचारलाच नाही. ताबा अडीच वर्षं रखडला. संघटनेकडे गेलो तर त्यांनी नीट ऐकून घेतलं, बिल्डरला एक पत्रही लिहिलं, पण पुढे त्यांच्या हातात काही नव्हतं. शेवटी रेराकडे गेलो तेव्हा कळलं की आमच्या दुसऱ्या टप्प्याची नोंदणीच नव्हती. मेंबर कंपनी असते, नोंदणी प्रत्येक प्रकल्पाची वेगळी असते. हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

---

कुंडई_वर्कशॉप · मंगळवार, दुपारी 2:00

दिनू, बिल्डरची गोष्ट वेगळी. इथे माल बहुधा एक्स्पोर्ट होणार असेल. एक्स्पोर्टर असेल तर चेंबर त्याला सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन देतं, म्हणजे चेंबरने त्याचा माल आणि व्यवहार बघितलेला असतो. ताई, ते एक्स्पोर्टर आहेत का?

---

वाळपईची_नलिनी · मंगळवार, दुपारी 3:40

हो, दुबईला पाठवतात म्हणाले. आरसीएमसी पण आहे म्हणतात, कॉपी अजून दिलेली नाही.

हिशोबनीसताई, तुम्ही सांगितलं तसं बघितलं. ऑर्डरवरच्या नंबरात सहावं अक्षर `C`. नोंदणीला जेमतेम पाच महिने झालेत. तीन महिन्यांची रिटर्न भरलेली दिसतात. पेढीचा नंबर त्यांच्या जुन्या पॅकिंगच्या पिशवीवर मिळाला, दुकानातून एक पिशवी विकत आणली होती. त्यात सहावं अक्षर `P`, आणि `Legal Name` मध्ये एका माणसाचं नाव, ऑर्डर देणाऱ्या मुलाच्या वडिलांचं.

पिशवी हातात धरून दोन्ही नंबर वाचले तेव्हा पोटात गोळा आला. 1998 हे वडिलांचं आहे. पाच महिने हे मुलाचं.

---

जुना_चिटणीस · मंगळवार, संध्याकाळी 6:30

ताई, पिशवी आणून नंबर काढलात, फार चांगलं केलंत.

यात मुलाची लबाडीच आहे असं समजू नका. गोव्यात असं घराघरात होतं. वडिलांची पेढी असते, मुलगा शिकून येतो, कंपनी काढतो, तेच नाव पुढे लावतो, ऑफिसही तेच. त्याच्या मनात ते सगळं एकच घर असतं. संघटनेचं बोधचिन्ह जुन्या लेटरहेडवरून नव्या लेटरहेडवर येतं आणि कोणाला त्यात गैर वाटत नाही. आमच्याकडे दरवर्षी अशी चार-पाच प्रकरणं यायची. आम्ही पत्र लिहायचो की कंपनीसाठी वेगळा अर्ज करा. काही करायचे, काही करत नव्हते.

पण तुमच्या दृष्टीने फरक मोठा आहे. पैसे थकले तर देणेकरी कंपनी. वडिलांची दुकानं, बागायत, घर, यातलं काहीही त्या कंपनीच्या कर्जाला आपोआप बांधलेलं नाही. `mca.gov.in` वर कंपनीचा `Master Data` उघडा, भरलेलं भांडवल किती ते दिसेल.

सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनबद्दल कुंडईकरांचा थोडा गैरसमज होतोय. चेंबर ते देतं हे बरोबर. पण ते इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि निर्यातदाराचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र बघून दिलं जातं. माल भारतातला आहे एवढंच त्यावर म्हटलेलं असतं. डबा उघडून गर कोणी बघत नाही, आणि ज्याच्याकडून गर घेतला त्याचे पैसे दिले का, हा प्रश्न त्या फॉर्मवर कुठेच नाही. मेंबर नसलेल्यालाही ते मिळतं, बहुतेक ठिकाणी फी जास्त पडते इतकंच.

आरसीएमसी ही आणखी वेगळी. नावात मेंबरशिप असली तरी ती निर्यात प्रोत्साहन परिषदेसारख्या संस्थेकडची नोंदणी आहे, परकीय व्यापार धोरणाखालचे फायदे घ्यायला लागते. तिच्यावर निर्यातदाराचा प्रकार लिहिलेला असतो, स्वतः माल बनवणारा की दुसऱ्याचा घेऊन पाठवणारा. कॉपी आली की नाव आणि प्रकार दोन्ही बघा. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या साइटवर आयईसी हा आयात-निर्यातीचा नंबर आणि नाव टाकून नोंद पडताळता येते. ते नावही वडिलांच्या पेढीचंच निघालं तर मला नवल वाटणार नाही.

---

बागायतदार_सत्तरी · मंगळवार, रात्री 8:50

या निमित्ताने एक विचारतो. गोव्याच्या काजूला 2023 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्याकडे आलेल्या एका खरेदीदाराने सांगितलं, "आम्ही काजू उत्पादकांच्या संघटनेत आहोत, म्हणजे जीआय आमचाच." हे बरोबर आहे का? त्याला जास्त भाव देऊन लोक माल घेतात.

---

हिशोबनीस · मंगळवार, रात्री 9:30

नाही दादा. जीआयचा अर्ज संघटना करू शकते, पण ते चिन्ह वापरायला प्रत्येकाला जीआय रजिस्ट्रीकडे अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःच्या नावे नोंदणी करावी लागते. त्याच्याकडे त्याचा नंबर मागा. संघटनेची पावती दाखवली तर ती पावती आहे, जीआयची नोंदणी नाही.

---

वाळपईची_नलिनी · बुधवार, संध्याकाळी 5:20

चेंबरच्या कार्यालयाचं उत्तर आलं. दोन ओळींचं आहे. त्या नंबरचं सभासदत्व वडिलांच्या मालकीच्या पेढीच्या नावे आहे, चालू वर्षाची वर्गणी भरलेली आहे, प्रतिनिधी वडील. त्या नावाची कोणतीही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी सभासद नाही. खाली लिहिलंय की सभासदत्व हे सभासदाच्या आर्थिक क्षमतेची हमी नाही.

मी ज्यांना आधी फोन केला होता त्यांचीही चौकशी केली. खोटा माणूस नाही. एका जुन्या कमिटीवर होते, वडिलांचे मित्र. त्यांनी मित्राबद्दल जे वाटतं ते सांगितलं. मला मात्र तेव्हा वाटलं की चेंबर बोलतंय.

कंपनीचं भरलेलं भांडवल एक लाख. सात महिन्यांपूर्वी स्थापन झालेली. आमच्या एका ऑर्डरची उधारीच त्याच्या जवळजवळ नऊपट होते.

---

कुंडई_वर्कशॉप · बुधवार, संध्याकाळी 6:10

ताई, मी सोमवारी "दिला असता" म्हणालो ते मागे घेतो, नाव नीट वाचायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. पण एक लाख भांडवल म्हणजे वाईट असं नाही. माझ्या ओळखीच्या दोन चांगल्या कंपन्या एका लाखावरच चालतात. आणि 45 दिवसांचा कायदा तर आहेच.

---

हिशोबनीस · बुधवार, संध्याकाळी 7:00

भांडवलाबद्दल कुंडईदादांशी सहमत. कमी भांडवल हा दोष नाही. फक्त मागे काही नाही एवढं त्यातून कळतं.

कायद्याबद्दल मात्र सावध राहा. तुम्ही सूक्ष्म उत्पादक आहात आणि उद्यम नोंदणी माल देण्यापूर्वीची असेल तर तो तुम्हाला लागू होईल. लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे ते जाऊ शकत नाहीत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. पण हे सगळं वसुलीचं हत्यार आहे, आणि वसुली होते ती ज्याच्याकडे काही असतं त्याच्याकडून. रिकाम्या कंपनीवर हुकूम मिळवून तो घरात ठेवलेले माझे दोन पक्षकार आहेत.

आणखी एक. तुम्ही बिल फाडलं की 46,800 रुपये जीएसटी तुमच्यावर बसला. पैसे 45 दिवसांनी आले किंवा आलेच नाहीत, तरी तुमच्या रिटर्नच्या मुदतीत तो भरावाच लागतो. ते दहा टक्के आगाऊ, म्हणजे 98,280, यातले जवळजवळ निम्मे तिथेच जातील.

---

जुना_चिटणीस · बुधवार, रात्री 9:15

नलिनीताई, दोन गोष्टी करून बघा.

मुलाला सरळ सांगा की ऑर्डर वडिलांच्या पेढीच्या नावे काढा, किंवा कंपनीच्या देण्याला वडिलांनी वैयक्तिक हमी लिहून द्यावी. हमीचा मसुदा वकिलाकडून करून घ्या, इंटरनेटवरचा उतरवू नका. घर खरंच एक असेल तर यातलं एक ते करतील. का नाही ते विचारलं तर राग धरतील की कारण सांगतील, तेही बघायला मिळेल.

दुसरं, त्यांच्या दोन सध्याच्या पुरवठादारांची नावं मागा. काजूवालाच पाहिजे असं नाही. डबे पुरवणारा, लेबल छापणारा, ट्रान्सपोर्टवाला, कोणीही. मित्रांचे दाखले नकोत. ज्यांचे पैसे त्यांच्याकडे अडकू शकतात अशी माणसं हवीत. त्यांना एकच प्रश्न विचारा, मागच्या तीन बिलांचे पैसे किती दिवसांनी आले. "चांगले लोक आहेत" हे उत्तर घेऊ नका, दिवस मोजून घ्या.

---

आगशीचा_दिनू · बुधवार, रात्री 9:50

काका, एक प्रश्न. चेंबरने मेंबरांची यादी सगळ्यांना दिसेल अशी वेबसाइटवर का ठेवू नये? वर्गणी कधीपर्यंत भरली तेही. म्हणजे ताईंना दोन दिवस थांबावं लागलं नसतं.

---

जुना_चिटणीस · बुधवार, रात्री 10:30

आमच्याकडे यावर तीन वार्षिक सभांत वाद झाला. काही संस्था यादी ठेवतात, काही फक्त मेंबरांना दाखवतात. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं की यादीतले नंबर उचलून विमावाले आणि कर्जवाले दिवसभर फोन करतात, आणि वर्गणी थकल्याचं दिसलं तर माणसाची बाजारात नाचक्की होते. एका वर्षी वर्गणी राहिली म्हणजे धंदा बुडाला असं नसतं. मी स्वतः नाव आणि पेढीचा प्रकार एवढं तरी उघड असावं या मताचा होतो. माझा ठराव पडला.

---

कुंडई_वर्कशॉप · बुधवार, रात्री 10:45

मी त्या विरोध करणाऱ्यांच्या बाजूचा. फोन खरंच थांबत नाहीत. पण लेखी विचारणाऱ्याला दोन दिवसांत उत्तर द्यावं हे बरोबर.

---

साखळी_मसाले · गुरुवार, सकाळी 9:05

मी मेंबरशिप घेतली तर नाव घरच्या उद्यमचं द्यायचं की पुढे मुलगी कंपनी काढणार तिचं?

---

जुना_चिटणीस · गुरुवार, सकाळी 9:40

आज जी अस्तित्वात आहे तिचंच. मुलीने कंपनी काढली की तिचा वेगळा अर्ज, आणि तोपर्यंत तिच्या बिलावर बोधचिन्ह लावू नका.

---

वाळपईची_नलिनी · शनिवार, रात्री 8:30

काय झालं ते सांगते.

मुलाशी बोलले. आधी जरा लागलं त्याला. "बाबांचं नाव सगळ्या गोव्याला माहीत आहे" म्हणाला. मी म्हटलं, म्हणूनच त्यांच्या पेढीच्या नावे ऑर्डर द्या. तेव्हा गप्प झाला. मग सांगितलं की वडिलांनी पेढीचा व्यवहार जवळजवळ थांबवलाय, तब्येत बरी नसते, बँकेची मर्यादा कंपनीच्या नावे करून घ्यायचं चाललंय. आरसीएमसी आणि आयईसी पेढीच्याच नावे आहेत, काका म्हणाले तसंच. कंपनीचा अर्ज केलाय म्हणतो. म्हणजे दुबईचा माल आज कोणाच्या नावाने जाणार हे त्यालाही नीट सांगता आलं नाही.

दोन पुरवठादारांची नावं मात्र त्याने दिली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. डिचोलीच्या डबेवाल्याने सांगितलं, पहिलं बिल 40 दिवसांनी, दुसरं 62, तिसऱ्याला आज 70 दिवस झालेत, अजून आलेलं नाही. लेबलवाल्याचे सगळे पैसे वेळेवर आलेत, पण त्याची बिलं पाच-सात हजारांची.

शेवटी असं ठरलं. वीस डबे, 200 किलो. जीएसटीसकट 1,63,800 होतात. पैसे आधी एनईएफटीने, मग माल. बाकीचे शंभर डबे हमीपत्रावर वडिलांची सही झाल्यावर, आणि तेही पन्नास-पन्नास, आधीच्या पन्नासचे पैसे आल्याशिवाय पुढचे नाहीत. वकिलाने मसुदा दिलाय, मी तो सोमवारी त्यांच्या घरी पाठवणार. सही होईल की नाही माहीत नाही. नवरा म्हणतो एवढी मोठी पार्टी हातची घालवलीस. तेव्हा त्याला डबेवाल्याचे दिवस वाचून दाखवले.

---

हिशोबनीस · शनिवार, रात्री 9:00

चांगलं केलंत. बिल कंपनीच्या `C` वाल्या नंबरावरच फाडा आणि पैसेही त्याच कंपनीच्या खात्यातून आलेत का ते बघा. वडिलांच्या खात्यातून आले तर हिशोबात पुढे गोंधळ होईल.

---

बागायतदार_सत्तरी · शनिवार, रात्री 9:20

ताई, सही झाली नाही तर 320 चे पन्नास डबे मला सांगा. भाव 760 देईन, पैसे डबे गाडीत चढताना. आणि हो, त्या खरेदीदाराकडे मी जीआयचा नंबर मागितला. "संघटनेत विचारून सांगतो" म्हणाला, मंगळवारपासून फोन नाही.

---

वाळपईची_नलिनी · रविवार, सकाळी 7:45

दादा, वीस रुपये कमी पडतात, पण बुधवारपर्यंत थांबा, सांगते. पन्नास डबे तुमच्या नावाने वेगळे काढून ठेवलेत.